हॉल रिकामा करताना: लाद्यांच्या रेषा आणि भिंतीची कड

५ मे

काम नाशिकच्या एका काकूंचं आहे. पुण्यातला त्यांचा टू बीएचके फ्लॅट भाड्याने दिलेला आहे. दिवाळीनंतर भाडेकरू सोडून जाणार आणि काकू स्वतः राहायला येणार. त्याआधी हॉल नव्या रूपात कसा दिसेल याची तीन-चार चित्रं त्यांना मुलांना दाखवायची आहेत.

हातात फोटो दोनच आहेत. एक मुख्य दाराशी उभं राहून मोबाइलच्या ०.५ वाइड लेन्सने काढलेला, ४०३२ बाय ३०२४ पिक्सेलचा. दुसरा बाल्कनीकडून काढलेला, अंधारा आणि थोडा हललेला. परत फोटो काढायला सांगता येत नाही. भाडेकरूंच्या घरात लहान बाळ आहे, त्यांना सामान हलवायला लावणं बरं नाही.

पहिल्या फोटोत डाव्या लांब भिंतीला तीन जणांचा सोफा आहे आणि त्यावर न घडी घातलेल्या कपड्यांचा ढीग. समोर टीपॉय, त्याखाली वर्तमानपत्रांची रद्दी. पलीकडच्या डाव्या कोपऱ्यात कपडे वाळत घालायचा स्टँड, उजवीकडे चपलांचा रॅक आणि तीनचाकी सायकल. खाली दोन बाय दोन फुटांच्या क्रीम रंगाच्या गुळगुळीत व्हिट्रिफाइड लाद्या, भिंतीला त्याच लादीचं चार इंची स्कर्टिंग. टोकाला बाल्कनीचं सरकतं दार.

आहे त्या फोटोवर थेट नवं रूप चढवून पाहिलं. फोटोतून खोलीचा नकाशा काढायचा, म्हणजे कोणता बिंदू किती लांब आहे ते, आणि तो धरून स्टेबल डिफ्युजन या चित्रं बनवणाऱ्या मॉडेलकडून खोली नव्याने रंगवून घ्यायची, ही माझी नेहमीची पद्धत. ती आकार इमानदारीने पाळते, आणि इथे तेच नडलं. कपड्यांचा स्टँड काळ्या लोखंडी जाळीचं पार्टिशन झाला, सोफ्यावरचा ढीग बेढब उशा झाला आणि रद्दीच्या जागी लाकडी ठोकळा उभा राहिला. म्हणजे आधी खोली रिकामी करायची, मगच सजवायची.

६ मे

कुठलंही सामान पुसण्याआधी फोटो सरळ केला. मोबाइल वाइड लेन्सचा बाक बराचसा स्वतःच काढतो, पण सगळा नाही. छत आणि उजवी भिंत जिथे मिळतात त्या कडेच्या दोन टोकांना जोडणारी रेघ ओढली, तर मधोमध कड त्या रेघेपासून १४ पिक्सेल बाहेर फुगलेली. डोळ्याला हे दिसत नाही. पण पुढे मला सोफ्यामागची रेषा दोन्ही बाजूंच्या तुकड्यांवरून ओढायची आहे, आणि ते तुकडेच वाकडे असतील तर मधली रेष कधीच जुळणार नाही. ओपनसीव्ही या चित्रांवर काम करणाऱ्या लायब्ररीतलं `cv2.undistort` लेन्सचा बाक काढतं; त्यात फक्त पहिला गुणांक `k1` थोडाथोडा बदलत गेले. `-0.006` वर फुगवटा दोन पिक्सेलच्या आत आला. छताची डावी कड आणि उजवं स्कर्टिंग या दोन रेषांवरही ताडून पाहिलं, तिथेही बसलं. एकाच रेषेवर भागवलं असतं तर ती सरळ करण्याच्या नादात बाकीचं वाकवून बसले असते.

७ मे

आज मास्क. मास्क म्हणजे जे पुसायचं त्यावरचा पांढरा डाग, बाकी काळं. वस्तूवर क्लिक केलं की सेगमेंट एनिथिंग हे मॉडेल तिची कड नेटकी कापून देतं, अगदी स्टँडच्या बारीक दांड्यांसकट. पण ते फक्त वस्तू कापतं. वस्तूची सावली आणि लादीत पडलेलं तिचं प्रतिबिंब मागे राहतं.

या प्रतिबिंबाची मला सगळ्यात जास्त धास्ती आहे. गुळगुळीत लादी म्हणजे अंधुक आरसाच. उभ्या वस्तूचं प्रतिबिंब तिचा पाय जमिनीला टेकतो तिथून सुरू होतं आणि फोटोत सरळ खाली उतरतं, जवळजवळ वस्तूच्या उंचीइतकंच. पाच फुटी स्टँडच्या दांड्यांच्या फिकट उभ्या रेघा त्यामुळे खोलीच्या मध्यापर्यंत आल्या आहेत. फोटोचा कॉन्ट्रास्ट चढवून पाहिला तेव्हा त्या दिसल्या. मूळ फोटोवर मी त्या पाहिल्याच नव्हत्या.

तेव्हा मास्क हाताने वाढवले. चहूबाजूंनी २० पिक्सेल, आणि खालच्या बाजूला प्रतिबिंब जिथे विरतं तिथपर्यंत. सोफा, टीपॉय आणि रद्दी या तिघांचा मिळून एकच मास्क केला. आधी एकेक पुसून पाहिलं होतं. टीपॉय पुसताना त्याच्या मास्कची एक कड सोफ्याला लागत होती, त्यामुळे भरताना सोफ्याचा तपकिरी रंग जमिनीवर ओघळला. मास्कच्या कडेला खरी जमीन किंवा खरी भिंतच लागली पाहिजे. दुसरं सामान लागलं तर तेच आत ओढलं जातं.

८ मे

लामा हे २०२१ साली आलेलं इनपेंटिंगचं मॉडेल वापरलं. मोठे मास्क भरण्यासाठीच ते बनवलेलं आहे. नवीन वस्तू कल्पून घालायची खोड त्याला फारशी नाही, म्हणून रिकाम्या खोलीसाठी मी आधी तेच घेते. फोटो अर्ध्यावर आणून दिला.

लांबून पाहिलं तर सोफा गेला. जवळून पाहिलं तर काम फसलं आहे. दाराकडून येणारं स्कर्टिंग सोफ्याच्या जागेत शिरतं, मध्यावर धुक्यासारखं होतं आणि बाल्कनीकडून येणाऱ्या तुकड्याला भेटताना सात-आठ पिक्सेलची पायरी पडते. लाद्यांचे सांधे तर अजून वाईट. दोन सांधे एकमेकांकडे झुकत जाऊन एकात मिसळले आहेत, त्यामुळे तिथली लादी पाचरीसारखी दिसते.

कारण शोधायला वेळ लागला, पण ते पटलं. पुन्हा पुन्हा येणारी नक्षी पकडण्यात लामा हुशार आहे, कारण ते फूरिये रूपांतराच्या वाटेने सबंध चित्र एकदम पाहतं. जाळी, विटा, खिडक्यांच्या रांगा त्याला छान जमतात. पण माझ्या फोटोत लादी समान अंतरावर येतच नाही. दाराशी एक लादी साडेचारशे-पाचशे पिक्सेल रुंद आहे आणि बाल्कनीशी दोनशेच्याही खाली. जमिनीवर नक्षी एकसारखी आहे, फोटोत नाही. मग मॉडेलला ती एकसारखी दिसेल अशी करूनच का देऊ नये?

९ मे

जमीन वरून पाहिल्यासारखी सपाट केली. लाद्यांचे कोपरे कुठे आहेत ते फोटोत दिसतं, आणि खऱ्या जमिनीवर ते दोन-दोन फुटांवर आहेत हे माहीत आहे. एवढ्यावर होमोग्राफी निघते, म्हणजे फोटोतला बिंदू जमिनीवर नेमका कुठे पडतो त्याचं गणित.

आधी मधल्या मोकळ्या जागेतल्या तीन बाय तीन लाद्यांचे चार कोपरे घेतले: (१६०४, २०७१), (२३३५, २०४४), (२७६६, २५७१), (१३१२, २६३३). या चौकटीच्या आत सगळं छान बसलं. पण भिंतीशी जाईपर्यंत सांधे ११ पिक्सेलने सरकलेले. छोट्या चौकटीतली एखाद्या पिक्सेलची चूक बाहेर जाताना वाढत जाते. मग हॉलभर पसरलेले, दिसणारे २२ कोपरे टिपले आणि सगळ्यांना मिळून बसेल असं उत्तर काढलं:

```python
# img_pts: फोटोतले 22 कोपरे, tile_ij: लादीचे रांग-क्रमांक
H, _ = cv2.findHomography(img_pts, tile_ij * 300.0, 0)
flat = cv2.warpPerspective(img, H, (W, Ht), flags=cv2.INTER_CUBIC)
mflat = cv2.warpPerspective(mask, H, (W, Ht), flags=cv2.INTER_NEAREST)
```

एका लादीला ३०० पिक्सेल. आता सरासरी फरक दीड पिक्सेलच्या आत आहे. सपाट चित्रात सांधे पाटीवर आखल्यासारखे सरळ उभे-आडवे दिसतात, आणि त्यावर सोफा विचित्र ताणून पसरलेला. सोफ्याचं काही बिघडत नाही, तो मास्कखालीच आहे.

याच चित्रात एक गोष्ट सापडली. भिंतीलगत पूर्ण लादी नाही, कापलेली पट्टी आहे. दाराकडे ती ८८ पिक्सेल रुंद, बाल्कनीकडे ९७. म्हणजे सात इंचांपासून पावणेआठ इंचांपर्यंत. भिंत लाद्यांना समांतर नाही, पाऊण इंच तिरकी आहे. आधी वाटलं माझी होमोग्राफीच चुकली. पण उजव्या भिंतीची पट्टी दोन्ही टोकांना सारखीच आहे, तेव्हा गणित बरोबर आहे आणि गवंड्याने लादी उजव्या भिंतीचा काटकोन धरून लावत आणली आहे. तो पाऊण इंच या भिंतीच्या वाट्याला आला. ‘भिंत सांध्यांना समांतर’ असं धरून मी रेष ओढली असती तर फोटोत परतल्यावर तीच पायरी पुन्हा दिसली असती.

१० मे

सपाट जमीन आणि सपाट मास्क लामाला दिला. फरक लगेच दिसला. सांधे सोफ्याच्या जागेतून आरपार गेले, न वाकता. फक्त मास्कच्या मधोमध, जिथे चहूबाजूंनी दीड-दोन लाद्या काहीच दिसत नाही, तिथे सांधा फिका पडला. तिथे त्याच रांगेतल्या दिसणाऱ्या सांध्याची ३० पिक्सेलची पट्टी उचलून बरोबर ३०० पिक्सेलवर बसवली. सपाट चित्रात हे सरळ कॉपी-पेस्ट आहे. मूळ फोटोत हेच करायला प्रत्येक ठिकाणी ताण वेगळा द्यावा लागला असता.

मग `np.linalg.inv(H)` वापरून उलट्या वाटेने फोटोत आणलं, तेही फक्त मास्कच्या आत. मास्कच्या बाहेरचा एकही पिक्सेल मूळचा बदलायचा नाही, हा माझा नियम आहे. जोडावर सहा पिक्सेलची मऊ कड ठेवली. जास्त मऊ केली की सांध्याची रेघ तिथे दुहेरी दिसते.

सांधे जुळले, पण भरलेला भाग चिकटवलेल्या ठिगळासारखा दिसतोय. उजेड चुकला आहे. याचा विचार उद्या.

११ मे

जमिनीवरचा उजेड दोन प्रकारचा आहे आणि काल मी दोन्ही एकत्र सपाट केले होते. लादीचा रंग आणि सांधे जमिनीवर आहेत. मी कुठेही उभी राहिले तरी ते तिथेच राहणार. पण बाल्कनीच्या दाराची जी चकाकी लादीवर दिसते ती जमिनीवर नाहीच. कॅमेरा हलला की तीही हलते. तिला लाद्यांबरोबर सपाट करून ३०० पिक्सेलवर उचलून बसवलं तर ती भलत्याच जागी जाऊन पडणार. तसंच झालं होतं.

म्हणून थर वेगळे केले. मूळ फोटोत फक्त मोकळी जमीन धरून खूप मोठा धूसर थर बनवला; तो उजेड. मूळ चित्राला त्याने भागलं की राहते ती नुसती लादी. लादीचा थर सपाट करून भरला, उजेडाचा थर फोटोतच कडेकडून आत हळूहळू पसरू दिला, आणि शेवटी दोन्ही गुणले. ठिगळ नाहीसं झालं.

टीपॉयच्या जागी दाराच्या चौकटीच्या प्रतिबिंबाची एक पट्टी तुटली होती, ती हाताने जोडली. या पट्टीची दिशा ठरवताना लाद्यांच्या सांध्यांकडे पाहायचं नाही. उभ्या चौकटीचं प्रतिबिंब फोटोत उभंच उतरतं, सांधे मात्र लांबच्या बिंदूकडे धावतात. तीच पट्टी सांध्यांच्या दिशेने ओढली तर पाहणाऱ्याला ते प्रतिबिंब वाटत नाही, जमिनीवर सांडलेल्या पाण्याचा ओघळ वाटतो.

१३ मे

भिंत आणि स्कर्टिंग. भिंत साध्या डिस्टेंपरची आहे, ती लामाने चांगली भरली. फक्त भरलेला भाग फार गुळगुळीत झाला, म्हणून मोबाइलच्या फोटोत असतो तसा बारीक रवा त्यावर घातला. तो नसेल तर स्क्रीनवर कळत नाही, पण मोठ्या प्रिंटवर सोफ्याचा आकार पुन्हा दिसायला लागतो.

स्कर्टिंगला दोन रेषा आहेत: खालची जमिनीशी, वरची भिंतीशी. दोन्ही बाजूंच्या दिसणाऱ्या तुकड्यांवर वेगवेगळे बिंदू टिपून प्रत्येकीची रेष बसवली. मग पाहिलं की दोन्ही रेषा लांब एकाच बिंदूत मिळतात का. खऱ्या भिंतीवर त्या समांतर आहेत, तेव्हा मिळायलाच हव्यात. डावी भिंत किंचित तिरकी असल्याने तो बिंदू लाद्यांच्या बिंदूपासून जरा बाजूला पडतो, पण पडतो त्याच क्षितिजरेषेवर. परवा मोजलेला पाऊण इंच इथे दुसऱ्या वाटेने पुन्हा भेटला, तेव्हा मनाला स्वस्थता आली. रेषा ठरल्यावर मधल्या पट्टीत दाराकडच्या स्कर्टिंगचा तुकडा ताणून बसवला.

स्टँडमागचा कोपरा मात्र अवघड गेला. तिथे तीन कडा एका बिंदूत मिळतात: डावं स्कर्टिंग, समोरच्या भिंतीचं स्कर्टिंग आणि छतापासून उतरणारी उभी कड. खालच्या दोन रेषांचा छेदबिंदू काढला. उभी कड छताजवळ दिसते, ती सरळ उभी खाली आणली तर छेदबिंदूपासून सहा पिक्सेल चुकते. फोटो काढताना मोबाइल थोडा खाली झुकलेला होता, त्यामुळे या फोटोतल्या उभ्या रेषा नेमक्या उभ्या नाहीत. खाली जाताना किंचित जवळ येतात. सरकत्या दाराच्या दोन चौकटींवरून तो कल काढला आणि कड त्याप्रमाणे उतरवली. आता तिन्ही रेषा एका पिक्सेलच्या आत भेटतात.

संध्याकाळी काकूंना रिकामा हॉल पाठवला. लगेच फोन आला. ‘‘अगं, सोफ्यामागे प्लगपॉइंट आहे बरं का. टीव्ही आधी त्या भिंतीला होता.’’ फोटोत तो दिसणं शक्यच नव्हतं. दुसऱ्या, हललेल्या फोटोत सोफ्याच्या पाठीवर एक पांढरा चौकोन अर्धा डोकावतो, तोच असावा. त्यावरून जागा ठरवून सॉकेट काढला आणि सोबतच्या टिपणात ‘अंदाजे’ असं लिहिलं. देवघराचा छोटा कट्टा उजव्या कोपऱ्यात आहे, तो त्यांनी हलवू नकोस म्हणून सांगितलं. तो मी पुसलेलाच नव्हता.

१४ मे

तुलनेसाठी डावी बाजू स्टेबल डिफ्युजनच्या इनपेंटिंगने भरून पाहिली. चारदा चालवलं. दोनदा भिंतीला बैठा बाक आला, एकदा कुंडी, एकदा खरंच रिकामं. वर्णनात ‘सोफा नको’ लिहिल्याने उपयोग होत नाही. शब्द दिसला की मॉडेल त्याच्याकडेच ओढलं जातं. ‘रिकामी लादी, कोरी भिंत’ असं लिहावं लागतं, आणि तरी हॉलमध्ये काहीतरी असणारच असा त्याचा समज सुटत नाही. शिवाय ते चित्र आठ पटीने लहान करून त्यावर काम करतं. माझा लांबचा सांधा तीन-चार पिक्सेलचा आहे, तो त्या चाळणीतून नीट निघत नाही. मोठं टेक्स्चर असलेल्या गालिच्यावर किंवा पडद्यावर हीच पद्धत लामापेक्षा सरस ठरते. इथे नाही.

१५ मे

नवं रूप चढवण्याआधी तपासणी. डोळ्यांवर विसंबले नाही. रिकाम्या फोटोवर `cv2.createLineSegmentDetector` चालवून स्कर्टिंगचे सगळे तुकडे उचलले आणि माझ्या ठरवलेल्या रेषेपासून त्यांचं अंतर मोजलं. सगळ्यात जास्त अंतर दोन पिक्सेल. मग फोटो आडवा उलटा केला, आरशातल्यासारखा. ओळखीची खोली अनोळखी झाली की राहिलेला डाग पटकन नजरेत येतो. सोफ्याच्या पुढच्या पायाच्या जागी एक फिकट सावली सापडली.

खोलीचा नकाशा पुन्हा काढला आणि त्यात ती सावली स्पष्ट दिसली: जमिनीवर हलकासा उंचवटा. मुद्दाम ती तशीच ठेवून एकदा रूप चढवून पाहिलं. त्या जागी लहान करडा गालिचा आला, नेमका सावलीच्या आकाराचा. रिकाम्या फोटोत पाच मिनिटांची राहिलेली चूक शेवटच्या चित्रात एक वस्तू होऊन बसते. सावली काढली, नकाशा सपाट झाला, गालिचा गेला.

यानंतरचं काम सोपं होतं. नकाशा आणि सरळ रेषा, दोन्ही धरून ठेवले. आधी फक्त नकाशा धरला होता, तेव्हा स्कर्टिंग चार इंचांचं सहा इंच झालं. रेषाही धरल्यावर ते जागेवर राहिलं आणि लादीच्या जागी लाकडी फळ्या घातल्या तरी भिंतीची कड तीच राहिली. तीन चित्रं काकूंना पाठवली.

२८ मे

भाडेकरूंनी पेस्ट कंट्रोलसाठी सोफा पुढे ओढला होता, आणि आठवण ठेवून फोटो पाठवला. त्यांचे आभार मानावे तेवढे थोडेच. उभं राहायची जागा थोडी वेगळी आहे, म्हणून तोही फोटो त्याच पद्धतीने सपाट केला आणि माझ्या भरलेल्या जमिनीवर ठेवून पाहिला.

भिंतीची कड सोफ्याच्या मध्यावर चार पिक्सेलने चुकली, म्हणजे जमिनीवर एक तृतीयांश इंच. सांधे जुळले. सॉकेट मी काढला होता त्याच्या सहा इंच पलीकडे आहे. आणि सोफ्याखालची एक लादी बदललेली निघाली, बाकीच्यांपेक्षा पिवळसर. काकूंना विचारलं, तर म्हणाल्या, पाइप फुटला होता तेव्हा ती लादी काढावी लागली, तशीच परत मिळाली नाही.

ज्या चित्रात जुन्या लाद्याच ठेवल्या आहेत त्यात ती लादी तिच्या रंगाने आणि सॉकेट त्याच्या जागी बसवला. बाकी दोन चित्रांत फक्त सॉकेट सरकवला. आज तिन्ही पुन्हा पाठवली.